फ्रिक्वेन्सीच्या कामातली बॅटरी ‘म्हातारी’ दाखवतेय? सेल बदलायची भाषा करण्याआधी हे तपासा

ग्रिडला जोडलेल्या बॅटऱ्यांच्या देखभालीचं माझं काम ब्रिटनमध्ये आहे, आणि एक तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. साइट जेमतेम दोन वर्षांची असते, बॅटरी सगळा वेळ ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झजवळ सांभाळण्यात घालवते, कधी पूर्ण भरत नाही, कधी पूर्ण रिकामी होत नाही. आणि स्क्रीनवर एसओएच, म्हणजे मूळच्या क्षमतेपैकी किती टक्के उरली तो आकडा, ९१ वर आलेला असतो. मालक म्हणतो, सेल खराब निघाले, वॉरंटीत टाका. बहुतेक वेळा सेल तितके वाईट नसतात. बिघडलेला असतो तो मोजणीचा हिशेब. जेव्हा सेल खरंच झिजलेले निघतात, तेव्हाही कारण ‘फार सायकल झाल्या’ हे क्वचितच असतं.

भारतातून सौर प्रकल्पांच्या बॅटऱ्यांचा अनुभव घेऊन आलेले काही सहकारी इथे पहिल्यांदा अडखळतात, कारण तिथे दुपारी भरणं आणि संध्याकाळी उतरवणं हा रोजचा नेम असतो. तो नेम गुपचूप बरीच दुरुस्ती करत असतो. इथे तो नसतो. खालचं सगळं एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटच्या सेलबद्दल आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी सेलचा व्होल्टेज वक्र उतरता असतो, त्यामुळे तिथे शून्य करंट आणि पूर्ण चार्ज या दोन तपासण्यांचं महत्त्व कमी होतं.

लक्षणं

- एसओएच हळूहळू घसरत नाही, पायऱ्यांनी पडतो. कित्येक आठवडे स्थिर, मग एका दिवसात एक-दीड टक्का खाली.
- एका रॅकचा, म्हणजे सेलच्या एका माळेचा, एसओसी, म्हणजे किती टक्के चार्ज शिल्लक आहे तो आकडा, शेजारच्या रॅकपेक्षा बराच वेगळा दिसतो, पण व्होल्टेज मात्र सगळ्यांचं सारखंच असतं.
- मोठा डिस्चार्ज आला की एसओसी २०-२५ टक्के दाखवत असतानाच एखादा रॅक सेलच्या कमी व्होल्टेजवर ट्रिप होतो.
- पूर्ण चार्ज करायला घेतलं की आकडा ८५-९० वरून उडी मारून १०० वर जातो.
- सायकल काउंटर हजारोंनी धावतो आणि कुणाचीही छाती दडपते.

यातली पहिली चार एकत्र दिसली, तर मोजणीवर संशय घ्या. एसओएच सगळ्या रॅकमध्ये सारखा आणि सावकाश उतरत असेल, ट्रिप नसतील, तर ती खरी झीज असण्याची शक्यता जास्त. मग थेट तापमानाच्या तपासणीकडे जा.

आधी काउंटर बाजूला ठेवा

पहिली तपासणी फुकटची आहे: बॅटरी नेमकी कुठली सेवा देते ते करारात बघा. ब्रिटनमध्ये डायनॅमिक कंटेनमेंट आणि डायनॅमिक रेग्युलेशन या दोन सेवांची नावं सारखी वाटतात, काम मात्र फार वेगळं आहे. दोन्हींत ५० हर्ट्झच्या आजूबाजूचे ०.०१५ हर्ट्झ सोडून दिलेले असतात. कंटेनमेंटमध्ये ०.२ हर्ट्झच्या फरकापर्यंत कराराच्या फक्त ५ टक्के शक्ती मागितली जाते आणि पूर्ण शक्ती ०.५ हर्ट्झला. रेग्युलेशनमध्ये ०.२ हर्ट्झलाच पूर्ण शक्ती द्यावी लागते.

५० मेगावॉटचा करार धरा आणि फ्रिक्वेन्सी ४९.९ वर आली असं समजा. कंटेनमेंटमधली बॅटरी तेव्हा साधारण १.१५ मेगावॉट देते. रेग्युलेशनमधली तीच बॅटरी त्याच क्षणी २३ मेगावॉट देते, म्हणजे वीसपट. फ्रिक्वेन्सी दिवसभर अशीच पन्नासच्या वरखाली होत राहते. त्यामुळे ‘शेजारच्या साइटची बॅटरी अजून तरुण कशी’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा कराराच्या कागदातच मिळतं.

आता काउंटर. काही ईएमएस, म्हणजे साइट चालवणारी सॉफ्टवेअर, करंटची दिशा बदलली की एक सायकल मोजतात. फ्रिक्वेन्सीच्या कामात दिशा मिनिटामिनिटाला बदलते, त्यामुळे तो आकडा निरर्थक आहे. त्याऐवजी महिन्याभरात बाहेर दिलेली ऊर्जा घ्या आणि बॅटरीच्या क्षमतेने भागा. ५० मेगावॉट-अवरच्या बॅटरीने महिन्यात १५०० मेगावॉट-अवर दिले असतील, तर ३० पूर्ण सायकलइतकं काम झालं. वॉरंटीत सहसा हाच आकडा चालतो.

पण झिजेच्या दृष्टीने हे ३० आणि रोज पूर्ण उतरवणाऱ्या बॅटरीचे ३० सारखे नाहीत. पूर्ण सायकलमध्ये ग्राफाइटचं आकारमान सुमारे १० टक्क्यांनी फुगतं आणि आकसतं, समोरच्या लोह-फॉस्फेटचं साडेसहा-सात टक्क्यांनी बदलतं. ग्राफाइटच्या कणांवर जो संरक्षक थर असतो, त्याला प्रत्येक फुगण्या-आकसण्यात तडे जातात. तडा गेला की तिथे नवा थर बनतो आणि तो बनताना वापरात असलेलं लिथियम कायमचं अडकतं. एक-दोन टक्क्यांच्या उथळ सायकलमध्ये हे फुगणं नगण्य असतं, म्हणून तडे जवळजवळ जात नाहीत. उथळ सायकलची बॅटरी म्हातारी होते ती मुख्यतः काळाने आणि उष्णतेने. तो थर कुणी तडा न देताही वाढतच असतो. आधी भरभर वाढतो, मग मंदावतो, साधारण काळाच्या वर्गमुळाच्या चालीने. सेल जितका गरम आणि जितका भरलेला, तितका तो जास्त वाढतो.

त्यामुळे या कामात ‘किती सायकल झाल्या’ याआधी ‘किती गरम होती आणि किती भरून ठेवली होती’ हे विचारावं लागतं.

करंट शून्य असताना मीटर काय दाखवतो?

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. खर्च नाही, दार उघडायचं नाही, वेळ दहा मिनिटं. साइट वीजबाजाराच्या पुढच्या एखाद्या चार तासांच्या ईएफए ब्लॉकसाठी उपलब्ध नाही असं बॅटरीची सेवा विकणाऱ्या ट्रेडिंग डेस्ककडून आधी जाहीर करून घ्या, पीसीएस, म्हणजे बॅटरी आणि ग्रिडमधला कन्व्हर्टर, थांबवा, रॅकला जोडणारे-तोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, उघडू द्या आणि प्रत्येक रॅकच्या करंटचा आकडा वाचा. कॉन्टॅक्टर उघडा आहे म्हणजे करंट शून्य असायलाच हवा.

बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला, एसओसी थेट दिसत नाही. आत किती अँपिअर-अवर गेले आणि बाहेर किती आले, याची बेरीज-वजाबाकी ती ठेवते. दुकानदार रोज जमाखर्च लिहितोय पण गल्ला कधी मोजत नाहीये, तशी ही स्थिती. रोज पूर्ण भरणाऱ्या बॅटरीत गल्ला रोज मोजला जातो, कारण वरच्या टोकाला एलएफपीचं व्होल्टेज एकदम चढतं आणि बीएमएस आकडा १०० वर आणून ठेवते. मधल्या पट्ट्यात मात्र वक्र इतका सपाट आहे की ४० आणि ६० टक्क्यांमध्ये मोजक्या मिलिव्होल्टचा फरक पडतो. शिवाय सेल चार्ज होऊन थांबला की डिस्चार्ज होऊन, यावरही तितकाच फरक पडतो. म्हणून मधे थांबून व्होल्टेज बघून काहीच कळत नाही.

एका साइटवरचं उदाहरण पूर्ण सांगतो. कंटेनरमध्ये २८० अँपिअर-अवरच्या सेलचे आठ रॅक, प्रत्येक रॅकमध्ये ४१६ सेल एकापुढे एक. स्क्रीनवर कंटेनरचा एसओएच ९१. रॅकनिहाय उघडून पाहिलं तर सात रॅक ९६ च्या आसपास आणि पाचवा ९१. कंटेनरचा आकडा सगळ्यात कमी रॅकचा दाखवला जात होता. कॉन्टॅक्टर उघडल्यावर सात रॅक शून्य दाखवत होते आणि पाचवा ०.२ अँपिअर चार्जिंग.

०.२ अँपिअर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण तो दिवसाचे २४ तास चालू असतो. दिवसाला ४.८ अँपिअर-अवर, म्हणजे २८० च्या १.७ टक्के. शेवटच्या पूर्ण चार्जला १२ दिवस झाले होते, तेवढ्यात २० टक्क्यांची तफावत जमली. बाकीचे रॅक ५० दाखवत होते आणि हा ७०, पण आत चार्ज सगळ्यांमध्ये सारखाच होता. मग एक लांब डिस्चार्ज आला. सगळे रॅक एकदमच तळाला पोचले, तेव्हा पाचव्याच्या स्क्रीनवर अजून वीसेक टक्के शिल्लक होते. बीएमएसने त्याचा अर्थ लावला की ७० टक्क्यांइतके अँपिअर-अवर निघायला हवे होते, निघाले ५० चेच, म्हणजे सेलची क्षमताच घटली असणार. ती असा निष्कर्ष एका झटक्यात लागू करत नाही, थोडा थोडा करते. पायऱ्यांनी पडणारा एसओएच तो हाच.

करंट सेन्सरचं शून्य पुन्हा जुळवणं हे निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधून, अधिकार असलेल्या माणसाने करायचं काम आहे. बीएमएसच्या सेटिंगमध्ये शिरून एसओसी हाताने ५० टाकणारे लोक मी पाहिलेत. त्याने आजची रेघ जुळते, आणि दोन आठवड्यांत तफावत पुन्हा तिथेच येते.

ही तफावत फक्त वॉरंटीच्या वादापुरती नसते. ९ ऑगस्ट २०१९ ला इथली फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत पडली होती. बॅटरी वर्षभर ज्याची तयारी ठेवते ते असे काही मिनिटांचे प्रसंग. कंटेनमेंटच्या करारात पूर्ण शक्ती १५ मिनिटं टिकली पाहिजे, रेग्युलेशनमध्ये ६० मिनिटं. नेमक्या त्या वेळी कळलं की २० टक्के फक्त स्क्रीनवरच होते, तर मोठी पंचाईत होते.

एक पूर्ण चार्ज, आणि मग संयम

सेन्सर नीट असेल किंवा नीट करून घेतला असेल, तर पुढची पायरी पूर्ण चार्ज. शेवटचा भाग कमी करंटने भरा आणि वर पोचल्यावर सेलच्या सर्वात जास्त आणि सर्वात कमी व्होल्टेजमधला फरक बघा. मध्यावर हा फरक ५ मिलिव्होल्ट दिसतो आणि सगळे खूश असतात. वर मात्र तोच १०० च्या पुढे जातो, कारण सपाट पट्ट्यात दडलेला असमतोल फक्त टोकाला उघडा पडतो.

असमतोल होतो कारण प्रत्येक सेल स्वतःहून थोडा थोडा रिकामा होत असतो आणि सगळे सारख्या वेगाने होत नाहीत. ही दुरुस्ती बॅलन्सिंग करतं, पण बहुतेक बीएमएसमध्ये ते सेलचं व्होल्टेज वर चढल्यावरच सुरू होतं. महिनोन्‌महिने ५० टक्क्यांच्या आसपास राहणाऱ्या बॅटरीत ते कधी चालूच होत नाही. उथळ सायकल झिजेच्या बाबतीत सेलवर मेहेरबान असते, पण देखभालीच्या बाबतीत अशी महाग पडते.

वरच्या पाचव्या रॅकमध्ये काही सेल बाकीच्यांपेक्षा ३ टक्क्यांनी मागे निघाले. ३ टक्के म्हणजे ८.४ अँपिअर-अवर. बॅलन्सिंगचा करंट ०.१ अँपिअर. म्हणजे ८४ तास, साडेतीन दिवस, तेही सगळा वेळ बॅटरी वरच्या टोकाला ठेवून. एक रात्र ठेवून ‘बॅलन्सिंग केलं, फरक पडला नाही’ असा शेरा मारण्यात अर्थ नाही. मालकाला साडेतीन दिवसांचं उत्पन्न बुडणं जड जातं, म्हणून मी दर महिन्याला एखादा पूर्ण चार्ज आणि पाठोपाठ काही तासांचं बॅलन्सिंग वेळापत्रकातच घालायला सांगतो. सेन्सर ठीक असेल तर तेवढ्याने एसओसीही ताळ्यावर राहतो.

बॅलन्सिंग झाल्यावर तोच सेल महिन्याभरात पुन्हा मागे पडला, तर त्याचा नंबर लिहून ठेवा. त्याबद्दल शेवटी बोलतो.

तापमान आणि एसओसीचा इतिहास

मोजणीचा संशय फिटला की खऱ्या झिजेकडे वळायचं. यासाठी ईएमएसमधला वर्षभराचा डेटा पुरतो. दोनच आलेख काढा: सेलचं तापमान कुठल्या पट्ट्यात किती तास होतं, आणि एसओसी कुठल्या पट्ट्यात किती तास होता.

तापमानात सरासरीपेक्षा रॅकमधला फरक बघा. एकाच रॅकमध्ये सर्वात गरम आणि सर्वात थंड सेलमध्ये ५ अंशांच्या वर फरक कायम असेल, तर आधी फिल्टर, पंखे, शीतद्रवाची पातळी. ढोबळ नियम असा की दहा अंशांनी तापमान वाढलं की अशी झीज साधारण दुपटीच्या जवळ जाते. रोज खोल सायकल करणाऱ्या बॅटरीला दोन फेऱ्यांच्या मधे थंड व्हायला तास मिळतात. फ्रिक्वेन्सीच्या बॅटरीला विसावा नसतो. करंट लहान असला तरी अखंड असतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे अधूनमधून येणारे मोठे झटके सरासरीत दिसतात त्यापेक्षा जास्त तापवतात. म्हणून सरासरी करंट बघून ‘बॅटरीवर भारच नाही’ असं म्हणू नका. मोठे झटके धरायचे तर आरएमएस करंट, म्हणजे करंटच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, काढा.

एसओसीच्या आलेखात एक ठरलेला दोषी सापडतो. कंटेनमेंटमध्ये कमी फ्रिक्वेन्सीची आणि जास्त फ्रिक्वेन्सीची सेवा वेगवेगळी विकता येते. फक्त कमी फ्रिक्वेन्सीची विकली, तर बॅटरीला द्यायचंच असतं, घ्यायचं नसतं. मग ट्रेडिंग डेस्क तिला ९० टक्क्यांवर बसवून ठेवतो. सायकल जवळजवळ शून्य, काउंटर अगदी शांत, आणि सेल भरलेल्या अवस्थेत वर्षभर म्हातारे होत राहतात. अशा साइटवर खरी झीज सापडली तर मला नवल वाटत नाही. १५ मिनिटांची हमी देण्यापुरता चार्ज ठेवून बाकी पातळी खाली आणणं हा उपाय फुकट आहे, फक्त डेस्कशी भांडावं लागतं.

क्षमता चाचणी, आणि तिचा पहिला आकडा

ही तपासणी महाग आहे: अर्धा ते दोन दिवस साइट बंद, आणि वीज घेण्या-देण्याचा खर्च वेगळा. म्हणून ती शेवटी. वॉरंटीत लिहिलेल्या करंटने आणि तापमानाने पूर्ण भरा, थांबा, पूर्ण उतरवा, बाहेर आलेले अँपिअर-अवर मोजा.

महत्त्वाचं म्हणजे पहिल्या फेरीच्या आकड्यावर दावा ठोकू नका. सेलमध्ये ग्राफाइटचा पत्रा समोरच्या पत्र्यापेक्षा कडेने थोडा मोठा कापलेला असतो, सुरक्षेसाठी. या कडेच्या पट्टीत लिथियम फार सावकाश शिरतं आणि तितकंच सावकाश परत येतं, आठवडे लागतात. सेल कमी चार्जवर साठवलेला असताना कारखान्यातून निघतो. नंतर तो कायम त्याहून जास्त भरलेला ठेवला, तर कडेची पट्टी लिथियम शोषत राहते आणि क्षमता कमी झाल्यासारखी दिसते. शिवाय महिनोन्‌महिने एकाच अरुंद पट्ट्यात हालचाल झाली की पत्र्यावर लिथियम असमान पसरतं. दोन-तीन सावकाश पूर्ण फेऱ्यांनी ते बरंचसं सारखं होतं. कडेच्या पट्टीतलं मात्र तेवढ्या वेळात परत येत नाही, त्याला कमी चार्जवर दीर्घ विश्रांती लागते. रोज खोल सायकल करणाऱ्या बॅटरीत असमान पसरण्याचा हा भाग फारसा दिसत नाही.

त्या पाचव्या रॅकची पहिल्या फेरीतली क्षमता मूळच्या ९४ टक्के निघाली, तिसऱ्या फेरीत ९६. म्हणजे सात शेजाऱ्यांइतकीच. दोन वर्षांच्या मानाने चार टक्के ही साधी, काळाने आलेली झीज होती. ज्या ९१ वर वॉरंटीचं पत्र तयार झालं होतं, त्यातले पाच टक्के सेन्सरचे आणि बीएमएसच्या गैरसमजाचे होते.

चाचणीच्या दरम्यानच अंतर्गत रोध काढून घ्या. साधारण ५० टक्क्यांवर ठरलेल्या करंटचा दहा सेकंदांचा धक्का द्या आणि व्होल्टेजमधला बदल भागिले करंट, ΔV/ΔI. तुलना सुरुवातीच्या चाचणीशी, पण त्याच तापमानाला आणि त्याच एसओसीला. थंड सेलचा रोध आपोआपच जास्त असतो, त्यावरून घाबरू नका. रोध सगळ्या सेलमध्ये थोडा थोडा वाढला असेल तर वय. एकाच सेलचा एकदम वाढला आणि तोच भाग गरमही असेल, तर सेलपेक्षा जोडणीवर आधी संशय घ्या: सैल बसबार किंवा खराब झालेला सांधा.

इथे थांबा

तो सैल सांधा स्वतः आवळायला जाऊ नका. ४१६ सेलचा रॅक १३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि पीसीएस बंद केल्याने तो मरत नाही. कॉन्टॅक्टर उघडला तरी सेलच्या बाजूला व्होल्टेज तसंच असतं. या पोस्टमधल्या सगळ्या तपासण्या स्क्रीनवरून होतात. रॅकचं आवरण काढायची वेळ आली म्हणजे काम निर्मात्याच्या किंवा प्रशिक्षित डीसी तंत्रज्ञाच्या हातात गेलं.

खालच्यापैकी काहीही दिसलं तर तपासणी सोडा, रॅक वेगळा काढा आणि फोन करा. बॅलन्सिंगनंतर तोच सेल पुन्हा पुन्हा मागे पडणं: आत सूक्ष्म शॉर्ट असू शकतो, त्याला परत परत भरून वर आणणं धोक्याचं आहे. विश्रांतीत असताना, करंट शून्य असताना, एखाद्या सेलचं तापमान चढणं. इन्सुलेशन रोधाचा अलार्म, मग तो आपोआप गेला तरी. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल, तो चार्ज करून बघायचा नाही. फुगलेलं मॉड्यूल, गोडसर विद्रावकासारखा वास, किंवा गॅस डिटेक्टरची सूचना आली तर कंटेनरचं दारही उघडायचं नाही. लांब जायचं आणि साइटच्या आपत्कालीन योजनेप्रमाणे अग्निशमन दलाला कळवायचं.

निर्मात्याला फोन करताना ‘एसओएच कमी आहे’ एवढंच सांगितलंत तर ते सॉफ्टवेअर अपडेट पाठवून मोकळे होतात. सोबत शून्य करंटचे रॅकनिहाय आकडे, पूर्ण चार्जवरचा सेल व्होल्टेजचा फरक, तापमान आणि एसओसीचे वर्षभराचे दोन आलेख आणि तिसऱ्या फेरीची क्षमता द्या. एवढं हातात असलं की पहिल्याच फोनवर खऱ्या अभियंत्याशी बोलणं होतं.